फोनवर मराठी ऑडिओबुक: गावातल्या घरात पहिला तयार तास कसा काढायचा

ऑडिओबुक वाचणाऱ्याला पैसे मिळतात ते ‘तयार तासा’चे. चुका कापून, खोकणं-खाकरणं काढून, ऐकणाऱ्याच्या कानात जो स्वच्छ एक तास जातो त्याचे. त्यासाठी तुम्ही फोनसमोर दोन तास बसलात की पाच, हे पैसे देणाऱ्याच्या हिशेबात धरलं जात नाही. म्हणून नव्या माणसाने सगळ्यात आधी हे समजून घ्यावं की आपल्या घरात, आपल्या फोनवर एक तयार तास किती मेहनतीत निघतो. माझ्याकडे ऐकायला येणाऱ्या नमुन्यांत आवाज वाईट असलेले फार थोडे असतात. पण मागे कूलर घरघरत असतो, टिनाची खोली घुमत असते, किंवा पहिल्या पानावरचा आवाज आणि दहाव्या पानावरचा आवाज दोन वेगळ्या माणसांचे वाटतात.

पुढचं सगळं अशा वाचकासाठी आहे, जो विदर्भातल्या एखाद्या गावात राहतो, ज्याचा आवाज स्पष्ट आहे आणि ज्याच्याजवळ फक्त एक अँड्रॉइड फोन आहे. आधी दहा मिनिटांचा एक नमुना करायचा. तो नीट जमला की तासाकडे जायचं.

आधी खोली

घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन मधोमध उभे राहा आणि एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर ‘झंऽ’ असा आवाज मागे रेंगाळला, तर ती खोली बाद. टिनाचं छप्पर, सिमेंटच्या उघड्या भिंती आणि फरशी असली की आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि तुमच्या मूळ आवाजात मिसळतो. हे घुमणं एकदा रेकॉर्ड झालं की फोनवरच्या कोणत्याही ॲपने नीट निघत नाही. बाकी बऱ्याच चुका नंतर दुरुस्त होतात, ही होत नाही. म्हणून मी खोलीवर सगळ्यात जास्त जोर देतो.

उपाय साधा आहे आणि आपल्याकडे त्याचं सामान घरोघरी असतं, ते म्हणजे कापसाच्या गाद्या. खोलीचा एक कोपरा निवडा. दोन खाटा उभ्या करून कोपऱ्यासमोर काटकोनात लावा आणि त्यांवर गाद्या टाका. कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींना रजया किंवा जाड ब्लँकेट लटकवा. तुम्ही आत, कोपऱ्याकडे पाठ करून बसायचं, म्हणजे तुमचा आवाज समोरच्या गादीत जाईल आणि तिथेच जिरेल. खाली सतरंजी हवी. छप्पर टिनाचं असेल तर डोक्यावरही एक रजई ताणून बांधा, कारण तिथूनच आवाज सगळ्यात जास्त परततो. आता टाळी पुन्हा वाजवून बघा. ती ‘टप्’ अशी तिथल्या तिथे मेली पाहिजे. पातळ चादर किंवा साडी लटकवून हे होत नाही, जाडी लागते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला बरेच जण देतात, त्यावर वेळ घालवू नका. पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही.

दिवाळीनंतर ज्यांच्या घरात कापसाचा ढीग असतो, त्यांना एक आयतीच खोली मिळते. कापूस भरलेल्या खोलीत टाळी वाजवली तर ती स्वतःलाही धड ऐकू येत नाही, इतकी ती खोली मेलेली असते. पण कापसाची धूळ घशात जाते आणि तिथे फार वेळ बसलं की अंगाला खाज सुटते. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांच्या नमुन्यासाठी ती खोली ठीक आहे, अख्खं पुस्तक तिथे वाचायला बसू नका.

वेळ ठरवा, आणि तीच पाळा

फोन गादीच्या आडोशात ठेवा आणि काहीही न बोलता एक मिनिट रेकॉर्ड करा. मग वायरचे इअरफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ते एक मिनिट ऐका. पंखा, फ्रिज, शेजारच्या शेतातली मोटर, रस्त्यावरची मोटरसायकल, असं जे जे तुम्हाला ओळखता येईल ते ऐकणाऱ्यालाही ऐकू जाणार. ॲमेझॉनच्या ऑडिओबुक विभागाचा नियम असा आहे की वाचन थांबलेलं असताना मागचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असावा. मराठीत काम देणारे सगळेच मोजून बघत नाहीत, पण कानाने तेच तपासतात.

हे एक मिनिट दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड करून बघा, आणि ऋतू बदलला की पुन्हा बघा. हिवाळ्यात रात्री दहानंतरचा वेळ सोन्यासारखा असतो. पंखे बंद, गाव शांत. पावसाळ्यात तीच रात्र उपयोगाची राहत नाही, कारण रातकिड्यांची किरकिर नेमकी आपल्या ‘स’, ‘श’ या अक्षरांच्या उंच पट्टीत बसते. ती काढायला गेलं की ‘स’ही बोथट होतो. पंख्याचं किंवा फ्रिजचं गुणगुणणं खालच्या पट्टीतलं असल्यामुळे ते थोडंफार कमी करता येतं. कूलरचा आवाज मात्र सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यामुळे तो काढताना तुमचा आवाजही पाण्यातून आल्यासारखा होतो. उन्हाळ्यात कूलर बंद करून रजईच्या आडोशात बसणं म्हणजे जिवावरचं काम. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा पहाटे साडेचार ते सहा एवढाच वेळ धरा, वीस-वीस मिनिटांनी बाहेर येऊन पाणी प्या, आणि देणाऱ्याला काम पुरं करण्याची तारीख त्या अंदाजाने सांगा. देवळाचा भोंगा किती वाजता सुरू होतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

एक पुस्तक शक्यतो एकाच वेळेला बसून वाचा. माणसाचा सकाळचा आवाज जड असतो आणि संध्याकाळी तो मोकळा होतो. एक प्रकरण पहाटे आणि दुसरं रात्री वाचलं, तर जोड लपत नाही.

फोन कसा लावायचा

बोलण्याचा माईक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. कव्हर काढा. त्या बारीक छिद्रात धूळ किंवा कापसाची कुसं अडकली असतील तर मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडा. सुई घालू नका.

फोन हातात धरायचा नाही, बोट सरकल्याचाही आवाज येतो. समोर स्टुलावर दोन-तीन घड्या घातलेला टॉवेल ठेवा आणि त्यावर फोन असा टेकवा की माईकची कड तुमच्याकडे येईल. अंतर एक वीत. पण फोन तोंडाच्या अगदी समोर ठेवू नका, चार बोटं बाजूला सरकवा. ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो. तो थेट माईकवर आदळला की ‘भप्’ असा धक्का रेकॉर्ड होतो. तळहात तोंडासमोर धरून ‘भाकर फडक्यात बांध’ असं म्हणा, झोत कुठे लागतो ते कळेल. फोन त्या रेषेतून बाहेर असला पाहिजे.

ब्लूटूथचे इअरफोन रेकॉर्डिंगसाठी वापरू नका. त्यांच्या माईकमधून आवाज फोनकॉलच्या दर्जाचा, दबलेला येतो. वायरच्या साध्या इअरफोनचा माईक शर्टाला घासत राहतो, त्यापेक्षा फोनचा स्वतःचा माईक बरा.

रेकॉर्डिंगसाठी `Easy Voice Recorder` सारखं ॲप घ्या, ज्यात फाइलचा प्रकार निवडता येतो. तिथे `WAV`, `44.1 kHz` आणि `Mono` निवडा. शांतता वगळण्याची आणि आवाज आपोआप वर-खाली करण्याची सोय असेल तर ती बंद करा. आपोआप होणारी ही दुरुस्ती तुम्ही थांबलात की मागचा आवाज वर ओढते आणि बोलायला लागलात की खाली दाबते, त्यामुळे प्रत्येक विरामात खोली श्वास घेत असल्यासारखं वाटतं. अशी फाइल मिनिटाला साधारण ५ एमबी जागा खाते, तेव्हा आधी फोनमधले जुने व्हिडिओ काढून जागा करा. आणि दर वेळी विमान मोड चालू करा. कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं, आणि कॉल नाही आला तरी नेटवर्क शोधताना फोन कधी कधी ‘टर्र-टर्र’ असा आवाज रेकॉर्डिंगमध्ये सोडतो.

बोलताना ॲपमधली आवाजाची पट्टी बघा. तुमचं सगळ्यात मोठ्या आवाजातलं वाक्य उणे ६ डेसिबलच्या आसपास जायला हवं. शून्याला टेकलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. संवादात आरडाओरड असेल तर फोनची जागा तीच ठेवून तुम्ही थोडे मागे सरका.

मजकूर हातात घेतल्यावर

मजकूर कागदावर घ्या. ज्या फोनवर रेकॉर्ड होतंय त्याच फोनवर वाचायला गेलात की स्क्रीनला बोट लागणारच. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला छापून आणा. पान संपलं की आधी गप्प व्हा, पान ठेवा, मग पुढचं वाचा. पान वाजल्याचा आवाज शांततेत असला तर कापता येतो, शब्दावर पडला तर नाही.

वाचायला बसण्याआधी पेन घेऊन पूर्ण प्रकरण एकदा मनात वाचा आणि थांबायच्या जागी उभी रेघ मारा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे लांब वाक्यात कुठे श्वास घ्यायचा हे आधी ठरवलं नाही, तर दम शेवटच्या शब्दावर संपतो आणि वाक्याचं सगळं वजन ज्या ‘नव्हता’ किंवा ‘होता’वर असतं, तेच पुटपुटल्यासारखं येतं. नवख्या वाचकाची ही सगळ्यात मोठी खूण आहे. प्रत्येक परिच्छेदातलं शेवटचं क्रियापद ऐकून बघा, ते पूर्ण ऐकू आलं पाहिजे.

आता आपल्या भागाचा एक खास मुद्दा. वऱ्हाडात सहज बोलताना ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘डोळा’चं ‘डोया’ होतं. झाडीपट्टीत ‘डोळा’चं ‘डोरा’ होतं. घरात आणि बाजारात ते योग्यच आहे. पण प्रमाण मराठीतलं निवेदन वाचताना एका ओळीत ‘ण’ आणि पुढच्या ओळीत ‘न’ आला, की देणारा फाइल परत पाठवतो. मजकुरातल्या प्रत्येक ‘ण’ आणि ‘ळ’खाली पहिले काही दिवस पेन्सिलने टिंब द्या. दुसरं लक्ष ठेवायचं ते ‘च’ आणि ‘ज’वर. ‘चार’ आणि ‘चारा’, किंवा दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’मधला ‘जग’, यांचे उच्चार वेगळे आहेत आणि लिपीत ते दिसत नाहीत. शंका आली तर आकाशवाणीचं नागपूर केंद्र लावून मराठी बातम्या ऐका आणि वाचणारा ते कसं म्हणतो ते टिपा.

पण आपली बोली पुसून टाकू नका. कथेत शेतकरी बाप बोलतो तेव्हा खरी वऱ्हाडी लय येणारा वाचक पुण्या-मुंबईत सहज मिळत नाही. नमुना करताना तो असा निवडा की निवेदन प्रमाण मराठीत असेल आणि निदान एक पात्र वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत बोलेल. ऐकणाऱ्याला दोन्ही एका फाइलमध्ये मिळतात, आणि तुमचं वेगळेपण पहिल्या तीन मिनिटांत कळतं. पात्रासाठी आवाज बदलायला घशावर जोर देऊ नका. लय आणि वेग बदलला तरी पुरतं, आणि दहा प्रकरणांनंतरही तुम्हाला तोच आवाज काढता येतो.

खर्रा खाणाऱ्यांना स्पष्टच सांगतो: रेकॉर्डिंगच्या दिवशी तो बंद. तोंड कोरडं पडतं, जीभ टाळूला चिकटते आणि प्रत्येक शब्दाआधी ‘च्ट’ असा बारीक आवाज येतो. तो एका तासात शेकडो वेळा येतो आणि एकेक करून कापावा लागतो. बसण्याआधी अर्धा तास थोडं थोडं पाणी पीत राहा. उपाशी पोटीही बसू नका, पोटातली गुरगुर माईक पकडतो.

प्रत्यक्ष वाचन

रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आधी दहा सेकंद गप्प बसा. ही खोलीची शांतता नंतर कामाला येते. मग वाचा.

चूक झाली की रेकॉर्डिंग थांबवू नका. एक टाळी वाजवा, दोन सेकंद थांबा आणि ते वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणा. वाक्याच्या मधून पकडलं तर सूर जुळत नाही. टाळीमुळे नंतर फाइल बघताना त्या जागी उंच काटा दिसतो, त्यामुळे चूक शोधायला अख्खी फाइल ऐकावी लागत नाही. वेग मिनिटाला ११० ते १३० शब्द ठेवा. घाईने वाचणारे १५० च्या वर जातात आणि जोडाक्षरं गिळतात.

वीस मिनिटांनी थांबा. फाइलला लगेच नाव द्या, `03_prakaran_1` असं क्रमांकासकट. ‘नवीन रेकॉर्डिंग १४’ या नावाच्या वीस फाइली झाल्या की त्यातून काम शोधणं फार जड जातं.

कापाकापी

`Lexis Audio Editor` या ॲपमध्ये फाइल उघडा. विनामूल्य आवृत्तीत `WAV` जतन करता येते. टाळीचे काटे शोधा आणि चुकलेलं वाक्य टाळीसकट काढा. दोन वाक्यांमध्ये जिथे खोकला किंवा कुत्र्याचं भुंकणं आहे, तिथे पूर्ण निःशब्दता टाकू नका. सुरुवातीच्या दहा सेकंदांच्या खोलीच्या शांततेतून तेवढाच तुकडा कॉपी करून तिथे चिकटवा. पूर्ण निःशब्द तुकडा कानाला खड्ड्यासारखा लागतो, ऐकणाऱ्याला वाटतं रेकॉर्डिंग बंद पडलं.

श्वास सगळे काढू नका. मोठे, ओढलेले श्वास तेवढे काढा किंवा बारीक करा. सगळेच काढले की ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो. शेवटी `Normalize` करून सगळ्यात उंच जागा उणे ३ डेसिबलवर आणा. प्रकरणाच्या सुरुवातीला साधारण अर्धा सेकंद आणि शेवटी दोन-तीन सेकंद शांतता ठेवा. आवाज स्वच्छ करण्याचं बटण दिसतं म्हणून लगेच दाबू नका. अगदी थोडं वापरून ऐका, आणि आवाज धातूसारखा किंवा ओलसर वाटला की परत फिरा.

मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कागद हातात देऊन फाइल ऐकायला सांगा. बहीण, वहिनी, दहावीतला मुलगा, कुणीही चालेल. आपण स्वतः ऐकतो तेव्हा मेंदू सुटलेला शब्द भरून काढतो. त्यांनी फक्त कागदावर फरक असेल तिथे खूण करायची.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. माईकचं बटण दाबून पाठवलेला व्हॉइस मेसेज दाबून लहान केलेला असतो, तो नमुना म्हणून पाठवणं म्हणजे सगळी मेहनत वाया घालवणं. मोठी फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या.

एका पुस्तकाचा हिशेब

समजा दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचकाला कुणी लेखक स्वतःची ३६ हजार शब्दांची कादंबरी वाचायला देतो आणि सगळ्या कामाचे ५ हजार रुपये म्हणतो. मिनिटाला १२० शब्द धरले तर तासाला ७,२०० शब्द होतात, म्हणजे ५ तयार तास. तयार तासाला १ हजार रुपये पडले.

आता मेहनत. नवख्या माणसाला एका तयार तासासाठी वाचनात २ तास जातात, कापाकापीत ३ आणि तपासून दुरुस्त करण्यात १. असे ६ तास. पाच तासांच्या पुस्तकाला ३० तास. म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या तासाला १६६ रुपये सुटतात. पण गावात शांतता मिळते ती दिवसाला फार तर दीड तास. वाचनाचेच १० तास लागणार, म्हणजे सात बैठका, आणि त्यात लग्नाचा बँड किंवा सर्दी आली तर दहा. कापाकापी दिवसा इअरफोन लावून होते. म्हणून या माणसाने ‘आठ दिवसांत देतो’ असं कबूल करू नये, तीन आठवडे मागावेत. कच्च्या फाइलींना ३ जीबीच्या वर जागा लागेल, तीही आधीच बघून ठेवावी.

हाच लेखक २ हजार म्हणाला असता तर कामाच्या तासाला ६६ रुपये पडले असते. त्यापेक्षा त्या वेळात दुसरं काहीही करणं परवडतं. दर ऐकला की आधी तयार तासात मोडा, मग स्वतःच्या ६ तासांनी भागा, आणि मगच हो म्हणा. हात बसला की ६ चे ४ तास होतात, आणि कमाई खरी तिथे वाढते.

काम कुठून येतं

स्टोरीटेल किंवा कुकू एफएमसारख्या ॲपवर मराठी ऑडिओबुकं ऐकली जातात, पण मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं बहुधा स्टुडिओत बसून वाचली जातात. फोनवरच्या वाचकाला सुरुवात मिळते ती स्वतः पुस्तक काढलेल्या लेखकांकडून, यूट्यूबवरच्या कथावाचनाच्या चॅनेलांकडून आणि आपल्याच बाजारपेठेतून. कृषी केंद्राची जाहिरात, आठवडी बाजारात फिरणाऱ्या ऑटोवरची घोषणा, ग्रामपंचायतीच्या घंटागाडीचा संदेश, एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्याची माहिती, अशी अर्ध्या-एक मिनिटाची कामं तालुक्याच्या गावी सतत निघत असतात. त्यांचा दर मिनिटावर नाही, कामावर ठरवा, आणि एक दुरुस्ती त्यात धरा. दुसऱ्या दुरुस्तीचे वेगळे पैसे. ॲमेझॉनची वाचक आणि लेखक जोडणारी एसीएक्स ही सेवा भारतातल्या पत्त्यावर खातं उघडू देत नाही, तिच्यामागे लागू नका.

नोंदणी फी, अनामत रक्कम किंवा ‘ट्रेनिंग किट’चे पैसे मागणारा माणूस काम देणारा नाही. दुसरी ठगी अशी की ‘चाचणी’ म्हणून अख्खं प्रकरण वाचून घेतात आणि ते तसंच वापरतात. चाचणीसाठी दोन मिनिटांपेक्षा जास्त वाचू नका. पुस्तकाचं काम घेताना निम्मे पैसे आधी मागा. उरलेले शेवटची फाइल देण्याआधी घ्या, नंतर नाही. कंपनी असेल तर पॅन मागेल आणि टीडीएस कापू शकेल. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना दाखवता येते, त्यामुळे तिचा कागद जपून ठेवा.

नमुन्यासाठी काय वाचायचं

इथे बरेच जण अडकतात. कपाटातलं आवडतं पुस्तक वाचून यूट्यूबवर टाकतात आणि खाली ‘श्रेय लेखकाला’ लिहितात. त्याने हक्क मिळत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०११ पासून मोकळं आहे आणि नमुन्यासाठी उत्तम आहे. आपल्याकडे बहुतेकांना पहिल्यांदा वाचावीशी वाटते ती ग्रामगीता. पण तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे हिशेबाने हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत चालतो. ती घरात वाचून सराव करा. परवानगी न घेता प्रसिद्ध करू नका. यूट्यूबवर ९० दिवसांत कॉपीराइटच्या तीन तक्रारी टिकल्या तर चॅनेलच बंद होऊ शकतं.

हयात लेखकाची कथा हवी असेल तर त्यांना विचारा, आणि होकार लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा मजकूरही काहीच नसण्यापेक्षा बरा. त्यात कथेचं नाव, ती कुठे टाकणार, किती काळासाठी आणि पैसे मिळाले तर कुणाला किती, हे चारही असावं. दिवाळी अंकात छापलेल्या कथेचा ध्वनिहक्क लेखकाकडेच आहे की संपादकाने घेतला आहे, हेही त्यांनाच विचारा.

फाइल दिल्यानंतर

पैसे आले म्हणजे काम संपलं असं समजून कच्च्या फाइली पुसू नका. निदान तीन महिने त्या मेमरी कार्डवर ठेवा. लेखकाला महिन्याभराने एखाद्या नावाचा उच्चार चुकलेला सापडतो आणि तेवढी दोन वाक्यं पुन्हा मागितली जातात. ती वाचताना खाटा आणि गाद्या त्याच जागी लावा, वेळ तीच धरा, फोन एक वीतच ठेवा. मुख्य म्हणजे आधी त्या प्रकरणातली मागची दोन मिनिटं इअरफोनवर ऐका, त्या सुरात दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा आणि मग रेकॉर्ड दाबा. सर्दी झाली असेल तर चार दिवस मागून घ्या. बसलेल्या नाकाने वाचलेलं वाक्य मधे बसवलं की ते लगेच उघडं पडतं.